गुलाल उडाला, पिक्सेल फुटले!

एडिटिंग झालं, रंग जुळवले, ताशाच्या तर्रीवर कट बसवले. उरलं फक्त एक्स्पोर्टचं बटण. ते दाबलं की जी खिडकी उघडते तिच्यात तीन गोष्टी ठरवायच्या असतात: रिझोल्यूशन, फ्रेम रेट आणि बिटरेट. बहुतेक जण पहिल्या दोन जशा दिसतील तशा सोडून देतात आणि तिसरी, जास्त तेवढं चांगलं म्हणून, पार टोकाला नेऊन ठेवतात. चार-पाच जीबीची फाइल रात्रभर यूट्यूबवर चढते. सकाळी पाहावं, तर ज्या क्षणी गुलाल उधळलाय नेमक्या त्याच क्षणी अख्खं पथक चौकोनी ठिपक्यांत विरघळलेलं!

असं का होतं, ते समजून घ्यायला विसर्जन मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक हे माझ्या मते सगळ्यात उत्तम उदाहरण आहे. व्हिडिओ कॉम्प्रेशनला जे जे म्हणून छळतं ते सगळं त्यात एकाच वेळी हजर असतं. म्हणून समोर असाच एक व्हिडिओ ठेवू: आठ मिनिटांचा, फोनवर 1080p मध्ये सेकंदाला ३० फ्रेमने टिपलेला, यूट्यूबवर जाणारा.

तुमची फाइल प्रेक्षकाला कधीच दिसत नाही

तुम्ही चढवलेली फाइल यूट्यूब कोणालाही जशीच्या तशी दाखवत नाही. ती आत आली की तिच्यापासून नव्याने वेगवेगळ्या आकारांच्या प्रती बनतात. अगदी 144p पासून तुम्ही दिलेल्या रिझोल्यूशनपर्यंत, आणि त्याही एकाहून अधिक कोडेकमध्ये. एसटीत बसून कमी रेंजवर बघणाऱ्याला एक प्रत मिळते, घरच्या टीव्हीवर बघणाऱ्याला दुसरी.

म्हणजे तुमची एक्स्पोर्ट फाइल हा शेवटचा माल नाही, तो पुढच्या कॉम्प्रेशनसाठीचा कच्चा माल आहे. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढली की पहिल्या प्रतीतला प्रत्येक डाग दुसऱ्या प्रतीत आणखी ठळक होतो, तसंच इथे होतं. एक्स्पोर्ट करताना बिटरेट फार कमी ठेवला आणि ढोलाच्या कडेला चौकोन उमटले, तर यूट्यूबचा एन्कोडर त्या चौकोनांनाच चित्राचा भाग समजतो आणि ते जपण्यात स्वतःचे मोजके बिट खर्च करतो. उलट बिटरेट अवाच्या सवा वाढवला, तरी दुसरी प्रत बनायची ती बनतेच आणि तिचा बिटरेट यूट्यूबच ठरवतं. तुमचे वरचे जास्तीचे बिट तिथे दारातच गळून पडतात.

आणखी एक गोष्ट लोकांना उशिरा कळते. एकदा व्हिडिओ प्रसिद्ध झाला की त्याच लिंकवर सुधारलेली फाइल बसवता येत नाही. नवी फाइल म्हणजे नवी लिंक, आणि जुन्या लिंकवरचे व्ह्यूज आणि कॉमेंट जुन्याच लिंकवर राहतात. म्हणून ही तीन सेटिंग्ज चढवण्याआधीच नीट बघायची.

साडेसातचा पाढा

बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओसाठी खर्च होणारे बिट. एक मेगाबिट बिटरेट म्हणजे मिनिटाला साडेसात मेगाबाइट. साठ सेकंदांना आठने भागलं की झालं, कारण आठ बिटांचा एक बाइट. एवढं एक गणित डोक्यात बसलं की कुठल्याही फाइलचा आकार एक्स्पोर्टच्या आधीच सांगता येतो. आपल्या आठ मिनिटांना १६ मेगाबिट दिले तर ९६० एमबी. ८० मेगाबिट दिले तर ४८०० एमबी, म्हणजे ४.८ जीबी. घरच्या इंटरनेटचा अपलोड वेग १० मेगाबिट धरला, तर पहिली फाइल साधारण तेरा मिनिटांत चढते आणि दुसरीला तासाहून जास्त लागतो.

आता यूट्यूब स्वतः काय मागतं? 1080p आणि सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच्या साध्या व्हिडिओसाठी त्यांनी सुचवलेला आकडा आहे फक्त ८ मेगाबिट. तो किती लहान आहे ते बघा. याच व्हिडिओची अजिबात न दाबलेली फाइल केली, तर नेहमीच्या रंगपद्धतीतही ती सेकंदाला जवळपास ७४६ मेगाबिट खाईल. म्हणजे ८ मेगाबिटांत बसवायचं तर शंभरातला जेमतेम एक भाग ठेवायचा आणि बाकीचे नव्याण्णव टाकून द्यायचे. तरी चित्र बरं दिसतं, हे कोडेक बनवणाऱ्यांचं खरोखर मोठं काम आहे. यातला सगळ्यात वापरातला कोडेक, एच.२६४, २००३ सालचा आहे आणि आजही बहुतेकांची एक्स्पोर्ट फाइल त्यातच निघते.

वरची हद्द ठरवायला आणखी एक आकडा मदतीला येतो: तुमच्या मूळ क्लिपचा बिटरेट. फोनने ती १७ मेगाबिटने टिपली असेल, तर ८० मेगाबिटने एक्स्पोर्ट करून न टिपलेला तपशील परत येत नाही. फाइल फुगते, चित्र तेच राहतं. मूळ क्लिपचा बिटरेट बघायला मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. क्लिप त्यावर नेऊन सोडायची आणि `Bit rate` ही ओळ वाचायची.

एक सापळा मात्र सांगायलाच हवा. प्रीमिअर बिटरेट मेगाबिटमध्ये विचारतं. डाविंची रिझॉल्व्हच्या `Deliver` पानावर `Restrict to` च्या पुढचा आकडा `Kb/s` मध्ये, म्हणजे किलोबिटमध्ये असतो. १६ मेगाबिट हवे असतील तर तिथे `16000` लिहायचं. एक शून्य कमी पडलं तर व्हिडिओची माती होते, एक जास्त पडलं तर फाइल दहापट फुगायला निघते. एक्स्पोर्टनंतर फाइलचा आकार साडेसातच्या पाढ्याशी ताडून बघितला की ही चूक लगेच पकडली जाते.

गुलालाचं एन्कोडरशी जुनं वैर

आता मुख्य प्रश्न. तोच ८ मेगाबिटांचा बिटरेट बैठ्या मैफलीत गाणाऱ्या गायकाला भरपूर पुरतो, मग मिरवणुकीला का पुरत नाही?

एन्कोडर प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक फ्रेम अख्खी ठेवतो, तिला की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेमसाठी तो फक्त ‘काय बदललं’ एवढंच लिहून ठेवतो. त्यासाठी तो चित्राचे चौकोन पाडतो आणि विचारतो, हा चौकोन मागच्या फ्रेममध्ये कुठे होता? सापडला, तर ‘तिथून उचल, इथे ठेव’ एवढी एक छोटी नोंद पुरते. मैफलीत मागचा पडदा हलत नाही, तबला जागेवर, गायकाचे हात आणि ओठ तेवढे हलतात. नव्याने लिहायचं फारच थोडं असतं. कॅमेरा हळूच डावीकडे सरकला तरी सगळे चौकोन एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे तेही स्वस्तात होतं.

गुलाल उधळला की हा हिशेब मोडतो. हवेतला प्रत्येक कण स्वतःच्या वाटेने जातो. चौकोनातले निम्मे कण वर, निम्मे खाली, काही प्रकाशात चमकतात आणि पुढच्याच फ्रेममध्ये विझतात. मागच्या फ्रेममध्ये या चौकोनाची जोडी शोधायला जावं तर ती कुठेच नसते. मग एन्कोडरला जवळजवळ सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि त्याच्या हातात बिट असतात तेवढेच. तो बारीक तपशील टाकून देतो आणि चौकोनाचा सरासरी रंग तेवढा ठेवतो. आपल्याला दिसतात ते गुलाबी ठिपके म्हणजे हेच चौकोन.

यात खरा बळी गुलालाचा जात नाही. बिटांची तंगी सगळ्या फ्रेमला एकदम जाणवते, म्हणून गुलालाच्या मागे उभ्या असलेल्या वादकाच्या फेट्याची वीण, ढोलाचे दोर, चेहऱ्यावरचा घाम, सगळंच सपाट होतं. दोन-तीन सेकंदांनी गुलाल खाली बसतो आणि चित्र पुन्हा स्वच्छ होतं. तुमच्या व्हिडिओत नेमकं असं अधूनमधून होत असेल, तर दोष कॅमेऱ्याचा नाही, बिटरेटचा आहे असं खुशाल समजा. सतत धूसर असेल तर मात्र फोकस किंवा लेन्स तपासायला हवी.

ब्रिटिश यूट्यूबर टॉम स्कॉट यांनी २०१६ मध्ये याच विषयावर एक व्हिडिओ केला होता. त्यात त्यांनी बर्फ आणि कागदी कपट्यांचा वर्षाव करून दाखवला आणि पुढे मुद्दाम बिटरेटही खाली आणून दाखवला. आपल्याकडे बर्फ नाही, पण गुलाल, भंडारा, फुलांच्या पाकळ्या, कारंजी आणि कोकणातला पाऊस आहे. एन्कोडरच्या लेखी हे सगळे एकाच जातीचे.

उपाय काय? एक्स्पोर्टच्या वेळी तरी इतकं करता येतं की बिटरेट सगळीकडे सारखा वाटायचा नाही. `CBR` म्हणजे प्रत्येक सेकंदाला सारखेच बिट. `VBR` म्हणजे गरजेप्रमाणे. `VBR, 2 pass` निवडलं तर एन्कोडर आधी सगळा व्हिडिओ एकदा तपासतो, गुलाल कुठे आहे ते टिपून ठेवतो, आणि दुसऱ्या फेरीत ध्वजाच्या संथ शॉटमधून वाचवलेले बिट तिकडे वळवतो. वेळ जास्त लागतो, पण अशा व्हिडिओला तो द्यावा. ग्राफिक कार्डाच्या मदतीने एक्स्पोर्ट चालू असेल तर हा पर्याय बऱ्याचदा दिसतच नाही. प्रीमिअरमध्ये `Performance` खाली `Software Encoding` निवडलं की तो हजर होतो.

भगवा का पसरतो?

आपल्या 1080p व्हिडिओत काळं-पांढरं चित्र १९२० बाय १०८० असतं. रंगाचं चित्र मात्र फक्त ९६० बाय ५४०! चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद. माणसाच्या डोळ्याला उजेडाचे बारकावे जेवढे कळतात तेवढे रंगाचे कळत नाहीत, या एका गोष्टीवर ही काटकसर उभी आहे, आणि वर ज्या ‘नेहमीच्या रंगपद्धती’चा उल्लेख आला ती हीच.

चेहऱ्यावर किंवा आभाळात ही लबाडी कळत नाही. ती उघडी पडते गर्द लाल आणि भगव्या रंगाच्या धारदार कडेवर. काळ्या पट्टीवर पथकाचं नाव लाल अक्षरांत लिहिलं, तर अक्षरांच्या कडा लोकरीसारख्या दिसतात, कारण लाल आणि काळ्यात उजेडाचा फरक कमी असतो आणि सगळा भार त्या निम्म्या मापाच्या रंगचित्रावर येतो. बिटरेट कितीही वाढवा, ही लोकर जात नाही. अक्षरं पांढरी किंवा पिवळी करा, किंवा लाल अक्षरांभोवती पांढरी कड द्या. फरक लगेच दिसतो.

१०८० लिहितात, १०८८ साठवतात

एच.२६४ चे मूळ चौकोन १६ बाय १६ पिक्सेलचे. १९२० ला सोळाने भाग जातो, १०८० ला जात नाही. उरतो अर्धा चौकोन. म्हणून एन्कोडर गुपचूप खाली आठ ओळी जोडून १०८८ ओळी साठवतो आणि ‘दाखवताना शेवटच्या आठ कापा’ अशी सूचना फाइलमध्ये लिहून ठेवतो. तुम्ही पाहिलेल्या एच.२६४ मधल्या प्रत्येक 1080p व्हिडिओच्या खाली अशा आठ ओळी लपलेल्या आहेत. आकड्यांचं आणखी एक पथ्य: रिझोल्यूशनमध्ये विषम आकडा कधी टाकू नये. रंगाची नोंद दोन-दोन पिक्सेलची असल्याने १०८१ सारख्या उंचीवर अनेक एन्कोडर सरळ चूक दाखवून थांबतात.

रिझोल्यूशनचा दुसरा नियम: काळ्या पट्ट्या स्वतः जोडू नका. उभा व्हिडिओ असेल तर १०८० बाय १९२० असाच एक्स्पोर्ट करा. आडव्या चौकटीत बसवून दोन्ही बाजूंना काळं भरलं, तर फोन उभा धरणाऱ्याला चारही बाजूंनी काळं दिसतं आणि मधे बोटभर व्हिडिओ. प्लेअर स्वतःच चौकट जुळवून घेतो.

लहान चित्र मोठं करून चढवायचं?

हा सल्ला एडिटर मंडळी एकमेकांना हळू आवाजात देतात: 1080p व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना 1440p करा, यूट्यूबवर तो जास्त स्वच्छ दिसतो. ऐकायला हे चुकीचं वाटतं, कारण मोठं केल्याने नवा तपशील येत नाही. तरीही त्यात तथ्य आहे, आणि कारण यूट्यूबच्या कामाच्या पद्धतीत आहे.

कमी पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलचा 1080p व्हिडिओ बऱ्याचदा जुन्या एच.२६४ मध्येच दाखवला जातो. 1440p आणि त्यावरच्या व्हिडिओंना मात्र व्हीपी९ हा २०१३ चा, त्याच बिटांत जास्त तपशील राखणारा कोडेक मिळतो, आणि मोठ्या चौकटीसाठी बिटही जास्त मिळतात. गुलालाला नेमकी याचीच गरज असते. शिवाय रंगचित्रही वाढतं: 1440p मध्ये ते १२८० बाय ७२० होतं, त्यामुळे भगव्याच्या कडाही थोड्या सावरतात.

तुमच्या व्हिडिओला कोणता कोडेक मिळाला हे बघता येतं. कॉम्प्युटरवर चालू व्हिडिओवर उजवी क्लिक करा आणि `Stats for nerds` निवडा. `Codecs` च्या ओळीत `avc1` दिसलं तर एच.२६४, `vp09` दिसलं तर व्हीपी९, `av01` दिसलं तर त्याहून नवा एव्ही१. `Current / Optimal Res` च्या ओळीत आत्ता कुठली प्रत चालू आहे तेही कळतं.

पण मैफल, व्याख्यान, पाककृती अशा शांत व्हिडिओला हा खटाटोप करू नये, असं माझं ठाम मत आहे. तिथे 1080p चे ८ ते १२ मेगाबिट पुरतात. आणि मूळ क्लिपच 720p ची असेल, तर ती ताणून 4K करणं म्हणजे निव्वळ इंटरनेट जाळणं.

फ्रेम रेटला हात लावू नका

तीन सेटिंग्जमध्ये सगळ्यात जास्त बिघाड याच्यामुळे होतात, आणि नियम मात्र सगळ्यात सोपा: ज्या फ्रेम रेटने शूट केलं, त्यानेच टाइमलाइन आणि त्यानेच एक्स्पोर्ट.

समजा तीसचं शूटिंग ‘सिनेमासारखं दिसावं’ म्हणून चोवीसने एक्स्पोर्ट केलं. आता दर सेकंदाला सहा फ्रेम फेकाव्या लागणार, म्हणजे दर पाचव्या फ्रेमला हालचालीत एक बारीक झटका. ध्वज फिरवणाऱ्या मुलीच्या हातातला ध्वज वर्तुळात फिरण्याऐवजी अडखळत फिरतो. उलट पंचवीसचं तीस केलं तर दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवल्या जातात, अडखळणं तेच. ओळखायचं कसं? एक्स्पोर्ट केलेला व्हिडिओ थांबवा आणि एकेक फ्रेम पुढे न्या. काही फ्रेमनंतर एकदा चित्र हललंच नाही, किंवा एकदम उडी मारून गेलं, आणि तेही ठरावीक तालात, तर रोग सापडला.

फोनचं दुखणं वेगळंच. फोन ३० म्हणतो, पण उजेड कमी झाला किंवा फोन तापला की फ्रेममधलं अंतर कमी-जास्त करतो. काही एडिटर मात्र प्रत्येक फ्रेम सारख्या अंतरावर आहे असं धरून चालतात. समजा प्रत्यक्ष सरासरी २९.८ पडली. आठ मिनिटांत १४,३०४ फ्रेम झाल्या, त्या एडिटरने तीसच्या वेगाने मांडल्या तर चित्र ४७६.८ सेकंदांत संपतं आणि आवाज ४८० सेकंद चालतो. शेवटाकडे चित्र आणि आवाजात तीन सेकंदांहून जास्त फरक! बोलण्याच्या व्हिडिओत ओठ चुकतात. ढोलाच्या व्हिडिओत टिपरू आधी पडतं आणि ठोका नंतर ऐकू येतो. सुरुवातीला सगळं बरोबर आणि पुढे पुढे फरक वाढत जाणं, ही याची खूण. मीडियाइन्फोमध्ये `Frame rate mode` पुढे `Variable` दिसलं तर एडिटिंगच्या आधी हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` निवडून क्लिप एकदा बदलून घ्या. एक्स्पोर्टच्या खिडकीत या रोगावर औषध नाही.

मांडवातले दिवे लुकलुकतात, त्यावरही नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शंभराला पंचवीसने पूर्ण भाग जातो, तीसने जात नाही, म्हणून तीस फ्रेमच्या शूटिंगमध्ये प्रत्येक फ्रेमला दिव्याची वेगळी अवस्था दिसू शकते. मांडवात पंचवीस फ्रेम आणि शटर १/५०, किंवा तीसच ठेवून शटर १/१००, असं टिपताना ठरवलं तर हा त्रास टळतो. नंतर पंचवीसने एक्स्पोर्ट करून लुकलुक जात नाही, वर फ्रेम तेवढ्या गळतात.

आणि तो २९.९७ हा विचित्र आकडा? तो १९५३ मधल्या अमेरिकन रंगीत टीव्हीचा. रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडू नये म्हणून तीसचा वेग हजारात एक अंशाने कमी केला, आणि तो आजही प्रत्येक एडिटरच्या यादीत आहे. आपल्याकडचा टीव्ही पंचवीसचा. क्लिप पूर्ण ३० ची असेल तर २९.९७ निवडायचं काही कारण नाही.

दुप्पट फ्रेम, पण दुप्पट बिट नाहीत

1080p साठी यूट्यूब ३० फ्रेमला ८ मेगाबिट सांगतं आणि ६० फ्रेमला १२. दुप्पट नाही, दीडपट. कारण साठ फ्रेममध्ये शेजारच्या दोन फ्रेममधलं अंतर निम्म्या वेळाचं असतं, त्यामुळे त्या एकमेकींशी जास्त मिळत्याजुळत्या असतात आणि फरक कमी लिहावा लागतो. पथकाच्या झपाट्याने पडणाऱ्या टिपऱ्यांना साठ फ्रेम खरोखर शोभतात. पण त्या टिपतानाच हव्यात. तीसचं शूटिंग साठने एक्स्पोर्ट केलं तर प्रत्येक फ्रेम नुसती दोनदा येते.

तर, आपली आठ मिनिटं

मूळ क्लिप 1080p, ३० फ्रेम, १७ मेगाबिट, भरपूर गुलाल. सगळा व्हिडिओ एकदम एक्स्पोर्ट करायच्या आधी टाइमलाइनवर सर्वांत जास्त गुलाल असलेल्या वीस सेकंदांना `In` आणि `Out` लावा. तेवढाच भाग दोनदा काढा. एकदा 1080p आणि १६ मेगाबिट, म्हणजे यूट्यूबच्या शिफारशीच्या दुप्पट. दुसऱ्यांदा 1440p आणि २४ मेगाबिट. 1440p ला ३० फ्रेमसाठी शिफारस १६ ची आहे, गुलालासाठी दीडपट दिले. दोन्ही तुकडे मिळून १०० एमबीच होतात. दोन्ही `Private` ठेवून चढवा.

लगेच बघून निर्णय घेऊ नका. यूट्यूब आधी कमी रिझोल्यूशनची प्रत तयार करतं, मोठ्या प्रती मागाहून येतात. पहिल्या काही मिनिटांत सगळेच व्हिडिओ फाटके दिसतात आणि घाबरून लोक चांगला व्हिडिओ काढून पुन्हा चढवतात. गिअरच्या चिन्हाखाली 1440p दिसू लागलं की मगच दोन्ही तुकडे शेजारी लावा, त्याच फ्रेमवर थांबवा, आणि गुलालाकडे नव्हे तर गुलालाच्या मागच्या वादकाच्या फेट्याकडे बघा. फेट्याची घडी कुठल्या तुकड्यात दिसते?

1440p मध्ये फरक स्पष्ट असेल, तर पूर्ण व्हिडिओ २४ मेगाबिटने १.४४ जीबीचा होईल आणि १० मेगाबिटच्या जोडणीवर वीस मिनिटांच्या आत चढेल. नसेल, तर १६ मेगाबिटची ९६० एमबीची फाइल बस झाली. फॉर्मॅट एमपी४, कोडेक एच.२६४, फ्रेम रेट ३०, `VBR, 2 pass`. आवाजाला एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ किलोबिट. आवाजाचे हे बिट अगदी स्वस्त आहेत: आठ मिनिटांचे सगळे मिळून २३ एमबी. ताशाची कडकड तेवढ्यात नीट ऐकू येते. आणि मिरवणूक विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांसमोर हवी असेल, तर फाइल आदल्या रात्रीच `Private` म्हणून चढवून ठेवा आणि मोठ्या प्रती तयार झाल्या की `Public` करा.